तीन पुरवठादार, एक सदोष नग

परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर प्रश्नांचे फोटो फिरू लागतात. संभाव्यतेच्या धड्यातला त्यातला एक प्रश्न साधारण असा असतो: एक कारखाना तीन पुरवठादारांकडून बेअरिंग घेतो. अ 50 टक्के माल देतो, ब 30 टक्के आणि क 20 टक्के. अच्या मालात 2 टक्के नग सदोष निघतात, बच्या मालात 3 टक्के आणि कच्या मालात 6 टक्के. गोदामातून कोणताही एक नग उचलला, तर तो सदोष असण्याची संभाव्यता किती?

पुष्कळ मुले इथे 2, 3 आणि 6 यांची बेरीज करून तिनाने भागतात आणि 3.67 टक्के असे उत्तर लिहितात. ते चूक आहे. गोदामातला अर्धा माल अचा आहे, त्यामुळे उचललेला नग अचा असण्याची शक्यता कचा असण्याच्या अडीचपट आहे. साधी सरासरी मात्र तिघांनाही सारखेच वजन देते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे टक्के बाजूला ठेवून नग मोजायचे. गोदामात 1000 बेअरिंग आहेत असे धरू. त्यांतले 500 अचे, 300 बचे आणि 200 कचे. अच्या 500 पैकी 2 टक्के, म्हणजे 10 सदोष. बच्या 300 पैकी 9. कच्या 200 पैकी 12. सदोष नग एकूण 31, म्हणून संभाव्यता 31/1000, अर्थात 3.1 टक्के. एकूण संभाव्यतेचा नियम हेच सांगतो: प्रत्येक पुरवठादाराचा वाटा त्याच्या दोषाच्या प्रमाणाने गुणायचा आणि येणारे गुणाकार मिळवायचे. उत्तरपत्रिकेत ते असे लिहितात:

P(D) = P(A)·P(D|A) + P(B)·P(D|B) + P(C)·P(D|C)
= 0.5 × 0.02 + 0.3 × 0.03 + 0.2 × 0.06 = 0.031

इथे D म्हणजे नग सदोष असणे, A, B, C म्हणजे तो त्या-त्या पुरवठादाराचा असणे. P(D|A) ही सशर्त संभाव्यता आहे: नग अचाच आहे हे ठाऊक असताना तो सदोष असण्याची.

बेरीज करता येते ती दोन अटींवर. प्रत्येक नग कोणत्या तरी एकाच पुरवठादाराचा असला पाहिजे आणि चौथा पुरवठादार असता कामा नये. म्हणूनच वाट्यांची बेरीज 100 यावी लागते. फोटो धूसर असेल तर ही अट फार उपयोगी पडते. कोपऱ्यात बोट आल्यामुळे कचा वाटा दिसत नसला, तरी 100 मधून 50 आणि 30 वजा करून तो काढता येतो. कोणी 20 ऐवजी 26 वाचले, तर बेरीज 106 होते आणि चूक लगेच सापडते.

दोषांच्या आकड्यांना अशी राखण नसते. 2, 3 आणि 6 यांची बेरीज 11 येते, आणि तिने 100 व्हावे असे काहीच बंधन नाही, कारण ही तीन वेगवेगळ्या ढिगांतली प्रमाणे आहेत. फोटोत 0.6 मधला दशांश बिंदू पुसट होऊन तो आकडा 6 वाचला गेला, तर गणित बिनतक्रार पुढे जाते आणि 2.02 टक्क्यांऐवजी 3.1 टक्के हे उत्तर देते. इथे एवढेच तपासता येते की उत्तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दोषप्रमाणाच्या मध्ये पडले पाहिजे. आपल्या प्रश्नात ते 2 आणि 6 यांच्या बाहेर गेले, तर कुठे तरी नक्की गफलत आहे. पण 2.02 आणि 3.1 ही दोन्ही उत्तरे आपापल्या आकड्यांच्या मध्येच बसतात, म्हणून बिंदू मूळ कागदावरच पाहावा लागतो.

फोटोत कापली गेलेली शेवटची ओळ सर्वांत महागात पडते. तिथे ‘नग सदोष निघाला, तर तो कचा असण्याची संभाव्यता किती?’ असे असेल, तर प्रश्नच बदलतो. आता 1000 नग बघायचे नाहीत, फक्त 31 सदोष नग बघायचे. त्यांतले 12 कचे, म्हणून उत्तर 12/31, सुमारे 38.7 टक्के. हा बेजचा नियम. त्याच्या छेदात एकूण संभाव्यताच बसलेली असते. ज्या थॉमस बेज यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला.

या बारा नगांत खरी गोम आहे. सर्वांत कमी माल देणारा क सर्वांत जास्त सदोष नग देतो, आणि अर्धा माल देणारा अ फक्त 10. मात्र प्रत्यक्ष कारखान्यात हा हिशोब करताना वाटा नगांच्या संख्येतच घ्यावा लागतो. खरेदी खात्याच्या कागदावरचे ‘20 टक्के’ अनेकदा रकमेचे असतात. कचे बेअरिंग स्वस्त असेल, तर त्याच 20 टक्के रकमेत नग जास्त येतात आणि 3.1 हा आकडा खरा आकडा राहत नाही, खरे प्रमाण त्याहून जास्त असते.