परिषद, समिती आणि विरोधी बाक

राजकीय पक्ष, दबाव गट आणि विरोधी पक्ष यांची भूमिका, असा प्रश्न पाच गुणांना आला की मुले तीन व्याख्या लिहून मोकळी होतात. पण या तिघांतली सीमारेषा कुठे आहे, हे व्याख्येत सापडत नाही. ते पाहायचे तर संयुक्त महाराष्ट्राचा लढा पाहावा. तिथे एकच मागणी तिन्ही वाटांनी गेली.

सुरुवात दबाव गटाची. 1946 मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला आणि पुढे संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. तिने निवडणूक लढवली नाही, सत्ता मागितली नाही. निवेदने द्यायची, आयोगापुढे बाजू मांडायची, लोकमत तयार करायचे, एवढेच तिचे काम. दबाव गट असाच असतो: त्याला सत्ता नको असते, सत्तेकडून निर्णय हवा असतो.

त्याची मर्यादाही इथेच उघडी पडली. परिषदेचे नेते शंकरराव देव हे काँग्रेसचेच. जानेवारी 1956 मध्ये केंद्राने मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि मुंबईत गोळीबारात माणसे पडली, तेव्हा पक्षशिस्त पाळायची की लोकांसोबत राहायचे, हा पेच टळण्यासारखा नव्हता. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले, पण प्रदेश काँग्रेस दिल्लीच्या शब्दाबाहेर गेली नाही.

मग 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका झेंड्याखाली आले. हे पक्षांचे काम होते: उमेदवार ठरवणे, जागा वाटून घेणे, मते मागणे. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत झाले. डांगे लोकसभेत गेले. अत्रे आणि एसेम विधानसभेत.

तरीही द्विभाषिक मुंबई राज्याची सत्ता काँग्रेसकडेच राहिली, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने हात दिला. म्हणजे समिती हरली का? माझ्या मते तिचे खरे काम इथून सुरू झाले. सरकार पाडता येत नव्हते, पण विरोधी बाकांवरून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता येत होता आणि बाहेर मोर्चे निघत होते. नोव्हेंबर 1957 मध्ये नेहरू प्रतापगडावर आले तेव्हा समितीने निदर्शने केली. पुढची निवडणूकही अशीच जाईल, ही धास्ती मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना दिल्लीत मांडता आली. 1 मे 1960 रोजी राज्य झाले, पण ते काँग्रेसच्या हातून झाले.

मागणी संपली आणि समिती फुटली. 1962 मध्ये काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या. ज्या बेळगावात ठराव झाला, ते मात्र आजही कर्नाटकात आहे.