एस्प्रेसो मशीन घेताना: खोक्यावरचा आकडा आणि कपातली कॉफी

घरासाठी एस्प्रेसो मशीन शोधायला गेलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो खोक्यावरचा ठळक आकडा: १५ बार, कधी २० बार. जास्त बार म्हणजे जास्त चांगली कॉफी, असं वाटून लोक त्या आकड्यासाठी दोन-चार हजार रुपये जास्त मोजतात. पण एस्प्रेसोला लागतो साधारण ९ बारचा दाब, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या नऊपट. कॅफेमधली लाखो रुपयांची मशीनंही याच दाबाच्या आसपास चालतात. मग १५ कुठून आले?

घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा कंपनावर चालणारा छोटा पंप असतो. पाण्याला पुढे जायला वाटच ठेवली नाही तर तो जास्तीत जास्त किती दाब देऊ शकेल, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. पाणी वाहू लागलं की पंपाचा दाब उतरतो. बऱ्या मशीनमध्ये जादा दाब टाकीकडे परत सोडणारा एक व्हॉल्व्हही असतो. म्हणजे १५ ही पंपाची कमाल ताकद झाली. कपात उतरणाऱ्या कॉफीला किती दाब मिळतो, ते ठरवते कॉफीची पूड. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला तरच पाण्याला जोर येतो, तसं हे आहे. पूड बारीक आणि नीट दाबून बसवलेली असेल तर ती पाणी अडवते आणि दाब तयार होतो. पूड जाडसर असेल तर पंप कितीही बारचा असो, पाणी सरळ निघून जातं.

तरी पंप हवाच. बाजारात चार-पाच हजारांना ‘एस्प्रेसो मेकर’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी यंत्रांमध्ये तो नसतो. ती ओळखायला सोपी आहेत. वरच्या झाकणातून मोजकं पाणी ओतायचं, झाकण घट्ट फिरवून बंद करायचं आणि आत वाफ धरायची वाट पाहायची. ती वाफच पाणी ढकलते. त्यातून ९ बारच्या जवळपासही दाब मिळत नाही. शिवाय वाफेचा जोर यायचा तर पाणी उकळीच्या पुढे तापावं लागतं, त्यामुळे कॉफी कडवट होते. पंप असलेल्या मशीनला बहुधा मागे किंवा बाजूला काढता येणारी पाण्याची टाकी असते आणि बटण दाबताच घरघर ऐकू येते.

दुसरा प्रश्न पाणी तापवण्याचा. कॉफी काढायला साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं, तर दूध फेसाळायला लागणाऱ्या वाफेसाठी तापमान १२० अंशांच्या पुढे न्यावं लागतं. आपल्या बजेटमधल्या मशीनमध्ये ही दोन्ही कामं सहसा एकाच ठिकाणी होतात, म्हणून ती एकामागून एक करावी लागतात. इथे दोन प्रकार भेटतात. थर्मोब्लॉकमध्ये धातूच्या तापलेल्या ठोकळ्यातल्या अरुंद वाटेतून पाणी जाता जाता गरम होतं. मशीन मिनिटभरात तयार होतं, पण तापमान थोडं वरखाली होतं आणि वाफेचा जोर बेताचा असतो. सिंगल बॉइलरमध्ये छोट्या भांड्यात पाणी साठवून तापवतात. त्यात तापमान जास्त स्थिर राहू शकतं, पण सगळं नीट तापायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. दूध फेसाळून झालं की बॉइलरमध्ये पुन्हा पाणी भरून तो थंडही करावा लागतो, नाहीतर पुढचा कप जास्त तापलेल्या पाण्यात कडू होतो.

म्हणून घरात सकाळी घाईत एक-दोन कप होत असतील तर थर्मोब्लॉक सोयीचा. निवांतपणे, बिनदुधाची कॉफी पिणाऱ्याला सिंगल बॉइलर समाधान देतो. दोन्ही कामं एकाच वेळी करणारी दोन बॉइलरची मशीनं या बजेटच्या बाहेर आहेत.

आता तयार दळलेल्या पुडीकडे येऊ, कारण बहुतेक घरांत तीच असते. दक्षिणी फिल्टर कॉफीच्या पुडीत बऱ्याचदा चिकोरी असते, ती एस्प्रेसोसाठी घेऊ नये. पाकिटावर ‘एस्प्रेसो ग्राइंड’ लिहिलेली शुद्ध कॉफी घेतली तरी दोन अडचणी उरतात. प्रत्येक मशीनला आणि प्रत्येक कॉफीला दळण थोडं वेगळं लागतं, आणि पाकिटातली पूड आणखी बारीक करता येत नाही. शिवाय पाकीट उघडल्यावर पूड झपाट्याने जुनी होते आणि जुन्या पुडीतून पाणी अधिक वेगाने पळतं. आज जमलेली कॉफी पुढच्या आठवड्यात पाणचट लागते.

यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे दुहेरी तळाची बास्केट. पूड भरायची ती जाळी उजेडाकडे धरून खालून पाहा. एकच बारीक भोक दिसलं तर ती दुहेरी तळाची, शेकडो भोकं दिसली तर एकेरी. दुहेरी तळात दाब पुडीऐवजी ते भोक तयार करतं, त्यामुळे कोणतीही पूड चालते. वर फेसही येतो, पण तो भोकातून जोराने फवारा निघाल्यामुळे आलेला असतो. त्याचे बुडबुडे मोठे, रंग फिकट, आणि तो लवकर विरतो. दूध घालून प्यायला ही कॉफी ठीक लागते. मात्र अशा बास्केटवर महागड्या मशीनचा फायदा फारसा कळत नाही.

समजा, पुण्यातल्या एका जोडप्याचं बजेट २५ हजार आहे आणि रोज सकाळी दोन कप दुधाची कॉफी होते. सगळे पैसे मशीनवर घालण्यापेक्षा साधारण १५ हजारांचं थर्मोब्लॉक मशीन, सहा-सात हजारांचा हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि हजारभर रुपयांचा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. ग्राइंडर एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का आणि त्याचे टप्पे जवळजवळ आहेत का, हे आधी विचारावं. मशीनच्या मापाची, म्हणजे बहुधा ५१ मिलिमीटरची, एकेरी तळाची बास्केट मिळते का, तेही पाहावं. उरलेल्या पैशांत भाजल्याची तारीख छापलेल्या चिकमगळूर किंवा कुर्गच्या मध्यम भाजलेल्या बिया घ्याव्यात.

मग १६ ग्रॅम पूड भरायची आणि कपात ३२ ग्रॅम कॉफी उतरेपर्यंत वेळ मोजायची. पहिल्यांदा १२ सेकंदांतच कप भरला आणि कॉफी आंबट, पातळ लागली, तर दळण जाडसर आहे. ग्राइंडर दोन टप्पे बारीक करायचा. २० सेकंद लागले तर आणखी एक टप्पा. साधारण २५ ते ३० सेकंदांत मधासारखी दाट धार येऊ लागली की चव घेऊन थांबायचं. थेंब-थेंब गळून ५० सेकंद लागले आणि कॉफी कडू झाली, तर जास्त बारीक गेलं. एक टप्पा मागे यायचं. पुडीचं वजन मात्र तेच ठेवायचं, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. बियांचं नवं पाकीट उघडलं की ही जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.

एवढं रोज करायला वेळ नसेल आणि तयार पूडच वापरायची असेल, तर दुहेरी तळाच्या बास्केटचं साधं पंपाचं मशीन पुरे. त्यापुढे जादा पैसे घालू नयेत. आणि बजेट पाच हजारांच्या आतलंच असेल, तर बिनपंपाच्या ‘एस्प्रेसो मेकर’पेक्षा गॅसवर ठेवायचा मोका पॉट घ्यावा. त्यातली कॉफी एस्प्रेसो नसते, पण दाट आणि कडक असते, दुधात छान उतरते, आणि तयार पुडीवरही ती रोज जवळपास सारखी जमते.