आकडा तीनचा, मग संकष्टी कशी?

नववीत शिकणाऱ्या एका वाचक मुलीने पंचांगाच्या पानाचा फोटो पाठवला आहे. वर्षाचा आकडा फोटोत कापला गेला आहे, पण माघ महिन्याचा वद्य पक्ष स्पष्ट दिसतो. तिचा प्रश्न असा : "बुधवारच्या ओळीत तिथी ३ लिहिली आहे आणि शेजारीच 'संकष्टी' छापलं आहे. चतुर्थी तर गुरुवारी आहे. आजीने उपवास कधी करायचा? तिला डायबेटिस आहे, सकाळी गोळी घेते. शिवाय तिच्या मोतीबिंदूची तारीख ठरवायची आहे आणि बाबा म्हणतात, भद्रा बघा."

प्रश्न पंचांगाचा असला तरी अर्धा माझ्या ओपीडीतला आहे, म्हणून सविस्तर सांगते. मुंबईच्या पंचांगातली बुधवारची ओळ, फोटोत दिसते तशी, अशी आहे : व. ३ बुध १६।१०, उ.फा. २०।२५, भ. नि. १६।१०, चं.उ. २१।२०.

"व." म्हणजे वद्य, पौर्णिमेनंतरचा पंधरवडा. त्यापुढचा ३ हा तिथीचा क्रमांक. पौर्णिमेला १५ लिहितात आणि अमावास्येला ३०, हे एकदा लक्षात ठेवलं की पान निम्मं सोपं होतं. पण हा ३ संपूर्ण बुधवारचा नाही. ती सूर्योदयाच्या क्षणी चालू असलेली तिथी आहे, आणि १६।१० हे ती संपण्याची वेळ आहे, सुरू होण्याची नव्हे. म्हणजे दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तृतीया संपली आणि त्याच क्षणी चतुर्थी लागली.

असं भर दुपारी का व्हावं? कारण तिथी घड्याळावर नव्हे, आकाशात मोजतात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग सारखा नसतो. तो पृथ्वीजवळ असताना भरभर जातो आणि लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी वीस तासांत उरकते, तर कधी सत्तावीस तासांच्या आसपास चालते. तिचा मध्यरात्रीशी किंवा सूर्योदयाशी काही करार नाही.

आता संकष्टी. या व्रताला सूर्योदयाची नव्हे, चंद्रोदयाची चतुर्थी लागते. बुधवारी चंद्रोदय २१।२०, म्हणजे रात्री नऊ वीसला, आणि तेव्हा चतुर्थी लागून पाच तास झालेले असतात. गुरुवारच्या ओळीत ४ आहे खरा, पण त्यापुढे १४।३० आहे. म्हणजे गुरुवारी अडीचलाच चतुर्थी संपते आणि रात्री चंद्र उगवतो तेव्हा पंचमी असते. म्हणून संकष्टी बुधवारचीच. पंचांगात चूक नाही, दोन रकाने दोन वेगळ्या क्षणांबद्दल बोलत आहेत.

"उ.फा." म्हणजे उत्तरा फाल्गुनी, चंद्र ज्या नक्षत्रात आहे ते नक्षत्र. पूर्वा आणि उत्तरा अशा तीन जोड्या असल्याने फाल्गुनी, आषाढा की भाद्रपदा हे कळायला पू.षा., उ.भा. अशी दोन दोन अक्षरं लिहावी लागतात. रात्री ८.२५ नंतर हस्त. आजीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून पुढे जाऊ.

"भ. नि." म्हणजे भद्रा निवृत्ती, भद्रा संपली. प्रवृत्ती म्हणजे सुरू झाली, ती "भ. प्र." अशी आदल्या ओळीत, मंगळवारी, २८।५५ वर दिसते. अठ्ठावीस वाजतात कसे? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. म्हणून मध्यरात्रीनंतरचे तास २५, २६ असे पुढे मोजतात. अठ्ठावीसमधून चोवीस वजा कर : पहाटेचे ४.५५, आपल्या भाषेत बुधवारची पहाट. काही पंचांगं याऐवजी "उ. रा.", म्हणजे उत्तररात्री, असं लिहितात. भद्रा हे कुठलं संकट नसून एका करणाचं नाव आहे. करण म्हणजे अर्धी तिथी. वद्य तृतीयेच्या उत्तरार्धाला विष्टी ऊर्फ भद्रा म्हणतात. तृतीया मंगळवारी संध्याकाळी ५.४० ला लागली आणि साडेबावीस तास चालली. त्याचा मध्य काढलास तर बरोबर ४.५५ येतात. करून बघ.

राहुकाळ तर याहून सोपा आहे, त्यात चंद्रही नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे आठ भाग करायचे आणि बुधवारी पाचवा भाग घ्यायचा. सहा ते सहा दिवस धरला तर बारा ते दीड. पण त्या दिवशी मुंबईत सूर्योदय ७.०५ आणि सूर्यास्त ६.३८, म्हणून खरा भाग साधारण १२.५१ ते २.१८ असा येतो. गंमत म्हणजे शुभ मानला जाणारा अभिजित मुहूर्त मध्यान्हाच्या आसपासच असतो, त्यामुळे बुधवारी त्याचा उत्तरार्ध राहुकाळावर पडतो.

मोतीबिंदू पिकायला वेळ घेतो. डॉक्टरांनी घाई सांगितलेली नसेल तर भद्रा टाळून पुढचा आठवडा घेतला तरी सहसा बिघडत नाही, आणि त्यावरून मी कुठल्या आजोबांशी वाद घालत नाही. मात्र डोळा अचानक लाल झाला, दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. तेव्हा पान मिटून ठेवायचं आणि त्याच तासाला दवाखाना गाठायचा. सिझेरियनचंही तसंच. बाळाचे ठोके मंदावले की वेळ पंचांगात शोधायची नसते.

आता खरा मुद्दा, आजीची गोळी. मंगळवारी रात्री नऊला जेवलेली आजी बुधवारी ९.२० ला चंद्र बघून जेवणार असेल, तर मध्ये चोवीस तास जातात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सकाळी नेहमीप्रमाणे घेतलं आणि पोटात फक्त चहा असेल, तर दुपारनंतर साखर घसरू लागते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, उपवासाने थकवा आला. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका बराच कमी असतो, म्हणून गोळीचं नाव माहीत हवं. आजीने गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. संकष्टीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना चंद्रोदयाची वेळ दाखवून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा, आणि उपवास करू नको असं ते म्हणाले तर तेही ऐकावं.

चंद्रोदय मात्र आपल्या गावचा बघायचा. तिथी संपण्याची वेळ साऱ्या भारतात एकच असते, पण चंद्र नागपुरात मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो. तुझी आजी नागपूरकडे असेल तर तिला ९.२० पर्यंत थांबायची गरज नाही, पावणेनऊ-नऊच्या सुमारास चंद्र दिसेल. आणि त्या दिवशी ग्लुकोमीटर जवळ ठेव. आकडा ७० च्या खाली आला तर चंद्र उगवलेला असो वा नसो, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गुंगी असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा.