बातमीचा पगार कोण देतं?

करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकेत पत्रकारितेचं पान उघडलं की हातात बूम घेतलेली मुलगी दिसते, मागे विधान भवन असतं आणि पगाराचा रकाना मात्र गुळमुळीत असतो. तो स्पष्ट सांगायचा तर जिल्ह्याच्या गावी मराठी दैनिकात नवख्या माणसाला महिन्याला साधारण 10 ते 15 हजार रुपये मिळतात. मुंबई-पुण्यात हाच आकडा 18 ते 25 हजारांच्या घरात जातो. तालुक्याच्या वार्ताहराचं तर बऱ्याचदा काहीच ठरलेलं नसतं. पुण्यात दोघांत खोली घेतली, मेस लावली, दुचाकीत पेट्रोल टाकलं की महिनाअखेरीस काय उरेल, हे ज्याचं त्याला कळेल.

इतका कमी पगार का, याचं उत्तर मालकांच्या चिकटपणात शोधायची आपल्याला सवय आहे. चिकटपणा असतोच, पण खरं कारण धंद्याच्या बांधणीत आहे. पाच-सहा रुपयांच्या अंकातून विक्रेत्याचं आणि एजंटाचं कमिशन वजा करा. उरलेल्या पैशांत कागद, शाई, पहाटेच्या गाड्या यांचाच खर्च निघत नाही. पगार लांबच राहिले. ही खोट जाहिराती भरून काढतात. वाचक अंक विकत घेतो, पण बातमीची किंमत मोजतो तो बिल्डर, सराफ, क्लासवाला आणि सरकार. 2020च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. जाहिराती आटल्या, राज्य सरकारने एप्रिलमध्ये काही दिवस घरपोच वितरणावरच बंदी घातली आणि बघता बघता पानं कमी झाली, आवृत्त्या बंद झाल्या, पगार कापले गेले. वाचक तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्यांच्याकडून येणाऱ्या पैशांवर वृत्तपत्र उभंच नव्हतं.

या धंद्यातली कामं नेमकी काय असतात, हे एका बातमीच्या मागे चालत गेलं की चांगलं कळतं. समजा, फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी निफाड तालुक्यात गारपीट झाली.

पहिला हात वार्ताहराचा. अर्ध्या तासात त्याच्या फोनवर फोटो येऊन आदळतात. त्यातला एखादा मागच्या वर्षीचा असतो, एखादा दुसऱ्याच जिल्ह्यातला. म्हणून तो दुचाकी काढतो आणि बागेत जातो. द्राक्षं काढणीला आली असतील तर गारेने मणी फुटतात आणि दोन दिवसांत घड कुजायला लागतात. हे बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. तिथेच स्थानिक पुढारी भेटतो आणि ‘हजारो हेक्टर जमीनदोस्त’ असं सांगतो. तहसील कार्यालयातून प्राथमिक अंदाज मिळतो, तो त्याहून बराच कमी असतो. पंचनामे अजून व्हायचे असतात. चांगला बातमीदार दोन्ही आकडे देतो आणि कोणता कोणाचा ते लिहितो. पुढाऱ्याचा आकडा स्वतःच्या तोंडी घालून मोकळा होतो तो कच्चा बातमीदार.

दुसरा हात नाशिकच्या डेस्कवरच्या उपसंपादकाचा. वाचकाला या माणसाचं अस्तित्वही ठाऊक नसतं. डाक आवृत्तीची पानं लवकर सोडायची असतात, म्हणून त्याच्याकडे ही कॉपी वाचायला दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात तो विचारतो: ‘बाधित क्षेत्र’ लिहिलंयस, ते किती टक्के बाधित? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण सरकारी मदतीच्या निकषात 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेलं पीकच बसतं. गारांचा फटका बसलेलं सगळं क्षेत्र आणि मदतीला पात्र ठरणारं क्षेत्र हे दोन वेगळे आकडे आहेत. त्यांची सरमिसळ झाली तर दुसऱ्या दिवशी शेतकरी तलाठ्याच्या दारात जाऊन भांडतात. हे ओळखणारा उपसंपादक तयार व्हायला पाच-सात वर्षं लागतात. माझं मत विचाराल तर, नवख्याने पहिली दोन वर्षं डेस्कवर काढावीत. बायलाइन मिळत नाही, रात्री एकला घरी जावं लागतं, सणावाराच्या सुट्ट्या हुकतात. पण रोज तीस-चाळीस लोकांची कॉपी हाताखालून जाते आणि दुसऱ्यांच्या चुकांतून माणूस फुकटात शिकतो. अलीकडे खर्चकपातीची पहिली कुऱ्हाड याच डेस्कवर पडते. चार माणसांचं काम दोघांवर येतं आणि मग तो 33 टक्क्यांचा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. छापील अंकात चुका वाढल्याची तक्रार आपण करतो, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

तिसरा हात डिजिटल विभागाचा. तिथे बसलेल्या मुलीला हीच बातमी दहा मिनिटांत वेबसाइटवर चढवायची असते. शीर्षक, फोटो, तीस सेकंदांचा व्हिडिओ, सगळं तिनेच करायचं. हे काम हलकं समजण्यात अर्थ नाही. शीर्षक लिहिणं, व्हिडिओ कापणं, कोणता वाचक कुठून येतो हे आकड्यांवरून वाचणं, ही कौशल्यं आज बाजारात सर्वांत लवकर खपतात आणि नोकऱ्याही इथेच निघतात. अडचण पैशांच्या गणितात आहे. समजा, पान हजार वेळा उघडलं की जाहिरातीचे 60 रुपये मिळतात. गारपिटीची बातमी 20 हजार वेळा उघडली गेली तर 1,200 रुपये झाले. वार्ताहराचं पेट्रोल, उपसंपादकाचा वेळ आणि सर्व्हरचा खर्च यातूनच भागवायचा. त्याच दिवशी त्याच मुलीने ‘लाडकी बहीण योजनेचा हप्ता कधी येणार?’ अशी बातमी केली, तिच्यात नवीन माहिती शून्य होती आणि ती दोन लाख वेळा उघडली गेली. 12 हजार रुपये, तेही जागेवरून न हलता. मग उद्या तिला काय करायला सांगितलं जाईल? दिवसाला पंधरा-वीस बातम्यांचं टार्गेट असलेल्या डेस्कवर तिला फोन करून काही विचारायला वेळच मिळत नाही. ती दिवसभर इतरांच्या बातम्या फिरवून लिहिते. दोन वर्षांनी तिचा वेग अफाट झालेला असतो, पण एकही अधिकारी तिला नावाने ओळखत नसतो. त्यात हे वाचक गूगल किंवा फेसबुकच्या कृपेने आलेले असतात. तिकडे नियम बदलला की एका आठवड्यात निम्मे गायब होतात, आणि करारावरची माणसं पहिल्यांदा घरी जातात.

आता वार्ताहराकडे परत वळू, कारण या धंद्याची सर्वांत नाजूक जागा तिथे आहे. अनेक तालुक्यांत वार्ताहराला मानधन नाममात्र असतं आणि कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळी, 15 ऑगस्ट, आमदारांचा वाढदिवस, वर्धापनदिनाची पुरवणी, प्रत्येक वेळी टार्गेट येतं. शुभेच्छांची जाहिरात आणायची, छापून आणायची आणि वसुलीही आपणच करायची. पैसे बुडाले तर काही ठिकाणी ते वार्ताहराच्याच खात्यावर पडतात. ज्या बाजार समितीच्या संचालकाकडे जाहिरातीची बाकी आहे, त्याच्या विरोधात बातमी द्यायची कशी? आमदाराच्या वाढदिवसाचं अर्धं पान ज्याने मिळवलं, त्याने त्याच आमदाराच्या रस्त्याच्या कामातले खड्डे मोजायचे कसे? 2009च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांच्या कौतुकाचे तेच ते मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आले. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल लिहिला. या सगळ्याचं बी तालुक्यातल्या कमिशनच्या पद्धतीतही आहे. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा एकच माणूस असला की दोन्हींमधली भिंत त्याने एकट्याने किती दिवस पेलायची?

कायदा काय म्हणतो? श्रमिक पत्रकारांसाठी 1955 पासून वेगळा कायदा होता आणि त्यातून वेतन मंडळं निघाली. शेवटचं मजिठिया मंडळ. त्याच्या शिफारशी 11 नोव्हेंबर 2011 रोजी अधिसूचित झाल्या आणि 7 फेब्रुवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. त्यात वृत्तपत्रांचे उलाढालीनुसार आठ वर्ग पाडून पगार ठरवलेले होते. कागदावर ते चांगलेच होते. मग अनेक कार्यालयांत कर्मचाऱ्यांपुढे एक छापील कागद आला: आम्ही आहे त्या पगारात समाधानी आहोत, सही करा. शिफारशींच्या 20(जे) या कलमात पगाराचा जुना ढाचा कायम ठेवण्याचा पर्याय होता, त्याचा हा आधार. 19 जून 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कलमाच्या आडून ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही आणि करारावरच्या पत्रकारांनाही शिफारशी लागू आहेत. मात्र थकबाकीसाठी प्रत्येकाने कामगार खात्याकडे जावं, असंही म्हटलं. नोकरीत असताना स्वतःच्या मालकाविरुद्ध तिकडे अर्ज करणारे किती निघणार? पुढे 2020च्या श्रमसंहितेत 1955चा कायदा विलीन करण्याची तरतूद झाली. तिच्यात श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत वाहिन्या आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकार आले, हे बरं झालं. पण स्वतंत्र वेतन मंडळाची पद्धत त्यात राहिलेली नाही.

जाहिरातीऐवजी थेट वाचकांच्या किंवा देणगीदारांच्या पैशांवर चालणारे प्रयोगही आहेत. साईनाथ यांनीच 2014 मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ देणग्यांवर चालतं आणि मराठीतही वाचायला मिळतं. तिथे एका कहाणीला हवा तेवढा वेळ देता येतो. अशा जागा मोजक्याच आहेत आणि देणगी दरवर्षी नव्याने मिळवावी लागते. दुसरीकडे, तालुक्यातले कितीतरी वार्ताहर आता स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढून बसलेत. जाहिरातीचं उत्पन्न थेट त्यांच्याच खात्यात येतं, हे खरं. पण व्हिडिओ प्रसिद्ध होण्याआधी ‘किती टक्के बाधित?’ असं विचारणारा उपसंपादक तिथे नसतो आणि अब्रुनुकसानीची नोटीस आली तर वकिलाची फी स्वतःच भरावी लागते.

म्हणून नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने पगाराचा आकडा विचारावाच, पण त्याच्या जोडीला आणखी काही गोष्टी खोदून विचाराव्यात. नेमणूकपत्र कंपनीचं मिळणार की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं? भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार का? पगार कोणत्या तारखेला होतो? हा शेवटचा प्रश्न मालकाऐवजी तिथल्या ऑपरेटरला विचारावा, तो खरं सांगतो. डिजिटल विभागात दिवसाला किती बातम्या करायच्या आणि त्यातल्या किती स्वतः फोन करून, हेही विचारावं. आणि जाहिरातीचं टार्गेट असेल तर ते लेखी द्यायला सांगावं. बहुतेक ठिकाणी ते लेखी देत नाहीत. तिथे तालुका वार्ताहराचं ओळखपत्र गळ्यात घालण्याआधी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर कमी पगाराची जागा आहे का, हे विचारायला हरकत नाही.