लंबकाच्या प्रयोगात चूक नेमकी किती?

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये उत्तराखाली त्रुटींची कारणे लिहायची असतात. बहुतेक वह्यांत तिथे तीन ठरलेली वाक्ये सापडतात : हवेचा विरोध, धाग्याचा ताण आणि मानवी चूक. वाक्ये चुकीची नाहीत, पण त्यातल्या एकालाही आकडा नाही. साध्या लंबकाने गुरुत्वीय त्वरण मोजताना पितळी गोळ्यावर हवेचा जो परिणाम होतो, तो टक्क्याच्या काही शतांशांपलीकडे सहसा जात नाही. उत्तर मात्र एक टक्क्याने, कधी दहा टक्क्यांनी हललेले असते. मग ही चूक आली कुठून? याचा हिशेब मांडण्यासाठीच त्रुटी-विश्लेषणाचा तक्ता असतो.

तक्त्यात प्रत्येक साधनाला एक ओळ मिळते. साधन कोणते, त्याचे लघुतम माप किती, त्याने काय मोजले, त्या मोजमापात किती फरक संभवतो आणि त्या फरकाने उत्तर शेकडा किती हलेल, असे रकाने असतात. लंबकाच्या प्रयोगात साधने मोजकीच : स्टँड, चिमट्यात धरलेला धागा, धातूचा गोळा, मीटरपट्टी, व्हर्निअर कॅलिपर आणि स्टॉपवॉच. सूत्रही छोटे आहे :

g = 4π²L/T²

यात L म्हणजे लंबकाची लांबी आणि T म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ.

एक तक्ता भरून पाहू. चिमट्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी १००.० सेंटिमीटर आहे. मीटरपट्टीवर एक मिलिमीटर, म्हणजे ०.१ सेंटिमीटर इतके बारीक वाचता येते. शंभरात ०.१, म्हणजे लांबीची त्रुटी ०.१ टक्के. गोळ्याचा व्यास व्हर्निअरने ०.०१ सेंटिमीटरपर्यंत मोजता येतो, त्यामुळे त्या ओळीची काळजी करण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न वेळेच्या ओळीत आहे. डिजिटल स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते, म्हणून अनेक विद्यार्थी त्रुटी ०.०१ सेकंद लिहून मोकळे होतात. पण ती घड्याळाची मर्यादा झाली. बटण दाबतो तो अंगठा, आणि त्याची मर्यादा समजण्याची सोपी रीत आहे : त्याच लंबकाचे वीस हेलकावे पाच वेळा मोजायचे. समजा ४०.०, ४०.२, ३९.९, ४०.१ आणि ३९.८ सेकंद अशी वाचने आली. सरासरी ४०.० येते आणि सर्वांत लांबचे वाचन तिच्यापासून ०.२ सेकंद दूर आहे. तक्त्यात हाच आकडा लिहायचा. चाळीस सेकंदांत ०.२ म्हणजे ०.५ टक्के. सूत्रात T चा वर्ग आहे, म्हणजे T दोनदा गुणला जातो आणि प्रत्येक वेळी तेवढीच त्रुटी सोबत आणतो. म्हणून वेळेमुळे उत्तरात १.० टक्का त्रुटी येते. लांबीची ०.१ मिळवली की एकूण १.१ टक्के.

आता उत्तर काढू. हेलकाव्याचा वेळ २.०० सेकंद धरला की गुरुत्वीय त्वरण ९.८७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. त्याचे १.१ टक्के म्हणजे ०.११. म्हणून उत्तर ९.८७ ± ०.११ असे लिहायचे. हे बरोबर की चूक, हे ठरवताना तुलना कशाशी करायची तेही पाहावे लागते. पुस्तकात बहुधा ९.८ किंवा ९.८१ असते, पण गुरुत्वीय त्वरण जागेनुसार बदलते. मुंबईत ते सुमारे ९.७९ आहे. हा फरक लंबकानेच प्रथम जगाच्या लक्षात आणून दिला. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले.

मुंबईच्या प्रयोगशाळेत ९.८७ आले, तर खऱ्या किमतीपासूनचा फरक ०.०८, म्हणजे ०.८ टक्के होतो. तक्त्याने १.१ टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती. दोन्ही आकडे जुळतात, म्हणजे प्रयोग साधनांच्या आणि हातांच्या आवाक्यात नीट झाला.

आकडे जुळत नाहीत तेव्हा तक्ता जास्त बोलका होतो. समजा उत्तर १०.८ आले. फरक दहा टक्क्यांहून अधिक आणि मुभा १.१ टक्क्यांची. एवढी तफावत अंगठ्याच्या उशिराने पडत नाही. काहीतरी ढळढळीत चुकले आहे. सर्वांत नेहमीची चूक मोजणीतली असते. स्टॉपवॉच सुरू करतानाच विद्यार्थी ‘एक’ म्हणतो आणि ‘वीस’ म्हणताना बंद करतो. प्रत्यक्षात एकोणीसच हेलकावे झालेले असतात, पण भागाकार विसाने होतो. त्याने उत्तर जवळपास ११ टक्क्यांनी वाढते. म्हणून बटण दाबताना ‘शून्य’ म्हणायचे असते. बटण दाबण्याची जागाही महत्त्वाची. गोळा टोकाला गेल्यावर क्षणभर रेंगाळतो, तेव्हा नेमका क्षण पकडता येत नाही. मधून जाताना तो सर्वांत वेगात असतो, म्हणून मध्याच्या खुणेवरून गोळा सरकला की मोजणी सुरू करायची.

उत्तर नेहमी कमीच येत असेल, तर संशय दोन ठिकाणी जातो. पहिले ठिकाण म्हणजे झोका. हे सूत्र लहान कोनासाठीच आहे. गोळा ३० अंशांपर्यंत ओढून सोडला, तर हेलकाव्याला सुमारे १.७ टक्के जास्त वेळ लागतो आणि उत्तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. तेच १० अंशांवर ही घट ०.४ टक्क्यांवर येते.

दुसरे ठिकाण म्हणजे गोळ्याची त्रिज्या. धागा आणि हूक मोजून त्रिज्या मिळवायची राहिली, तर दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याने लांबी एक सेंटिमीटर कमी धरली जाते. म्हणजे सरळ एक टक्का घट. ही चूक कितीही वेळा मोजून सरासरीत विरत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला ओढते. तिला पकडतो तो आलेख. धाग्याची लांबी पाच-सहा वेळा बदलायची, T चा वर्ग आडव्या अक्षावर आणि लांबी उभ्या अक्षावर मांडायची. त्रिज्या धरलेली असेल तर रेषा आरंभबिंदूतून जाते. नसेल तर उभ्या अक्षाला शून्याच्या एक सेंटिमीटर खाली छेदते. रेषेचा चढ मात्र दोन्ही वेळा तोच राहतो, म्हणून चढावरून काढलेले उत्तर त्रिज्या विसरूनही बरोबर येते.

पण वेळेतली एक टक्का त्रुटी रेषेलाही हलवते आणि तो एक सेंटिमीटर तिच्यात हरवू शकतो. इथे तक्ता सुधारणेची जागा दाखवतो. मीटरपट्टीऐवजी भारी साधन आणून फायदा नाही, कारण लांबीचा वाटा ०.१ टक्काच आहे. त्यापेक्षा विसाऐवजी पन्नास हेलकावे मोजावेत. अंगठ्याचे ०.२ सेकंद तेवढेच राहतात, पण ते आता शंभर सेकंदांवर विभागले जातात. वेळेमुळे येणारी त्रुटी १.० वरून ०.४ टक्क्यांवर उतरते आणि एकूण त्रुटी अर्धा टक्का होते. पन्नास हेलकाव्यांत झोका हळूहळू लहान होत जातो, पण कोन मुळातच लहान असल्याने त्याचा वेळेवर फारसा परिणाम होत नाही.