एका पानाचं डिस्चार्ज कार्ड

मॅनियाचा रुग्ण आठ-दहा दिवसांत वॉर्डातून घरी जातो, तेव्हा त्याची झोप परत आलेली असते, बोलण्याचा वेग उतरलेला असतो आणि घरच्यांच्या जिवात जीव आलेला असतो. आजार मात्र संपलेला नसतो. औषधं नुकती लागू पडू लागलेली असतात, काही वाढवायची असतात, काही थांबवायची असतात, आणि डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. त्या काळात रुग्णालयाचे डॉक्टर जवळ नसतात. असतो तो फक्त एक कागद, ज्याला आपण सगळे डिस्चार्ज कार्ड म्हणतो.

तो कागद कोण वाचतं? गावातले फॅमिली डॉक्टर, औषधाच्या दुकानातला माणूस, रात्री ताप-उलट्या झाल्या तर कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर, आणि स्वतः रुग्ण. कुणाकडेच आठ पानं चाळायला वेळ नसतो. गोळ्यांची नावं तर रुग्णाच्या हातातल्या पाकिटांवरही वाचता येतात. कागदात नसतं ते त्या निवडीमागचं कारण, आणि खरी गडबड तिथेच होते. ज्या गोळीचं कारण माहीत नाही, ती कुणीही बदलतं, कुणीही बंद करतं.

एक उदाहरण सविस्तर बघू. ते कुणा एका रुग्णाचं नाही, नेहमी भेटणाऱ्या अनेकांवरून जुळवलेलं आहे. वय २७, विवाहित, खासगी कंपनीत हिशेबाचं काम करणारी तरुणी. दोन महिन्यांपूर्वी मन उदास, कामात लक्ष लागेना, म्हणून तिला एसिटॅलोप्राम ही नैराश्याची गोळी सुरू झाली. पुढे घरात लग्न निघालं. जागरणं झाली, पण ही थकेना. दोन-तीन तास झोपून पहाटे उठायची, सलग बोलायची, हट्टाने कर्ज काढून दुकान टाकायला निघाली. आठवडाभरात संताप इतका वाढला की तिला ॲडमिट करावं लागलं. इतिहास खोदल्यावर कळलं की तीन वर्षांपूर्वीही दोन आठवडे असेच ‘उत्साहाचे’ गेले होते. कुणी त्याला आजार म्हटलं नव्हतं.

पहिल्या मसुद्यात निवासी डॉक्टर बहुतेक वेळा असं लिहितात: ‘रुग्णास बायपोलर विकार. औषधे दिली. सुधारणा. नियमित तपासणीस यावे.’ यातलं काहीच खोटं नाही, आणि यातलं काहीच उपयोगाचंही नाही. त्याऐवजी कार्डाचा गाभा असा लिहिता येतो:

‘निदान: बायपोलर विकार, सध्या मॅनिया. यंग मापनपट्टीवर (एकूण गुण ६०) दाखल होताना ३४, आज ११. झोप सलग ७ तास. आत्महत्येचे विचार विचारले, नाहीत. थोडी घाई आणि चिडचिड शिल्लक आहे. आजार आपल्याला आहे हे तिला अर्धवट पटलं आहे.’

शेवटची दोन वाक्यं बरेच जण गाळतात. खरं तर पुढच्या डॉक्टरला तीच सगळ्यात आधी हवी असतात, कारण ज्या रुग्णाला आजार अर्धाच पटला आहे तो पंधरा दिवसांत गोळ्या सोडण्याची शक्यता मोठी असते. ‘प्रकृती चांगली’ असं लिहून ती शक्यता झाकली जाते.

यानंतर औषधं. प्रत्येक औषधापुढे चार गोष्टी यायला हव्यात: किती, का, किती दिवस आणि कशावर लक्ष ठेवायचं.

लिथियम, ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, रात्री एकदम. इथे कारण सविस्तर लिहावं लागतं, कारण मॅनियासाठी व्हॅल्प्रोएट हेही जुनं आणि प्रभावी औषध आहे आणि ते सहज लिहिलं जातं. पण गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि पुढे बौद्धिक वाढीत अडचणी येण्याचं प्रमाण त्याहूनही जास्त आहे. ही मुलगी २७ वर्षांची आहे आणि तिला मूल हवं आहे. म्हणून कार्डावर सरळ वाक्य हवं: ‘मूल होण्याच्या वयामुळे व्हॅल्प्रोएट जाणीवपूर्वक टाळलं आहे, त्यावर बदलू नये.’ एवढी एक ओळ नसेल, तर सहा महिन्यांनी दुसरे कुणी डॉक्टर चांगल्या हेतूनेच औषध बदलून टाकतात. लिथियमही गर्भारपणात पूर्ण निर्धोक नाही, म्हणून त्याखाली दुसरी ओळ: ‘दिवस राहण्याआधी काही महिने येऊन भेटावं, तोवर गर्भनिरोधक वापरावं, लिथियम स्वतःहून एकदम थांबवू नये.’ एकदम थांबवलं तर मॅनिया झपाट्याने उलटू शकतो.

लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी असतं, त्यामुळे रक्तातली पातळी मोजावी लागते. हिला दुसऱ्या दिवसापासून दोन गोळ्या आणि चौथ्या रात्रीपासून तीन गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी सकाळी, म्हणजे तीन गोळ्यांच्या पाच रात्रींनंतर, पातळी ०.७४ आली. तीव्र मॅनियात ती साधारण ०.८ ते १.० पर्यंत लागते, पुढच्या देखभालीसाठी ०.६ ते ०.८ पुरते. सोबत दुसरं औषध आहे आणि सुधारणा दिसते आहे, म्हणून मात्रा तशीच ठेवली. कार्डावर नुसता आकडा लिहून भागत नाही. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलं होतं हेही लिहावं लागतं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. पुढच्या वेळी कुणी गोळीनंतर चार तासांनीच रक्त घेतलं तर आकडा फसवा वर येईल आणि उगाच मात्रा कमी होईल. लिथियम सुरू करण्याआधीच्या किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या तपासण्यांचे आकडेही इथे हवेत, कारण पुढे तुलना त्यांच्याशीच होणार असते. वॉर्डातल्या बाकीच्या पन्नास नोंदी गाळल्या तरी चालतात.

ओलान्झापीन, रात्री १० मिलिग्रॅम. कारण: लिथियमचा परिणाम दिसायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तोवर मॅनिया लवकर आवरायला हे लागलं. मुदत: दोन-तीन महिने मन स्थिर राहिलं तर हळूहळू कमी करण्याचा विचार, एकदम बंद नाही. लक्ष: वजन आणि साखर. आजचं वजन ५४ किलो लिहिलं असेल तरच तीन महिन्यांनी ५९ भरल्यावर ते कुणाच्या लक्षात येईल.

लोराझेपाम, झोपेसाठी १ मिलिग्रॅम, फक्त पुढच्या चार रात्री, मग बंद. ‘मग बंद’ हे दोन शब्द तारखेसकट लिहायचे. नाहीतर ही गोळी दर महिन्याच्या चिठ्ठीवर आपोआप उतरत जाते आणि वर्षभराने तिची सवय सोडवणं हेच वेगळं काम होऊन बसतं.

आणि थांबवलेलं औषध: एसिटॅलोप्राम. कारण: बायपोलर विकारात नैराश्याची गोळी एकटीच दिली तर मॅनिया उसळू शकतो. ही ओळ फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. मॅनिया ओसरल्यावर अनेकांना पुढच्या काही आठवड्यांत नैराश्य येतं. तेव्हा तिला घेऊन घरचे पुन्हा त्यांच्याकडेच जाणार, आणि जुनी चिठ्ठी समोर असेल तर तीच गोळी पुन्हा सुरू होणार. म्हणून पुढे जोडायचं: ‘उदासी आली तर ही गोळी न देता आमच्याकडे पाठवावं.’

यानंतर धोक्याची चौकट. लिथियम घेणाऱ्याला कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिलं की किडनीतून लिथियम बाहेर पडणं मंदावतं आणि पातळी चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हेच होतं. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल चालतं. जुलाब, उलट्या, उन्हाळ्यात भरपूर घाम, शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी करणारी कोणतीही गोष्ट पातळी वाढवते. आपल्याकडे नवरात्रातला अळणी किंवा निर्जळी उपवास यात मोडतो, आणि तो कार्डावर नावानिशी लिहावा, कारण रुग्ण ‘कमी मिठाचा आहार टाळा’ या वाक्यावरून उपवासाचा विचार करत नाही. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब ही विषबाधेची लक्षणं. ती दिसली की पुढची गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन पातळी तपासायची.

पाठपुराव्यात ‘एक आठवड्याने’ असं लिहू नये. वार, तारीख, वेळ, खोली आणि कुणाला भेटायचं ते लिहावं. हिच्यासाठी सातव्या दिवशी भेट आणि त्याच सकाळी लिथियमची पातळी. मग दर पंधरा दिवसांनी, स्थिरावल्यावर महिन्याने. पहिल्या वर्षी पातळी दर तीन महिन्यांनी, किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. शिवाय आजार उलटत असल्याची तिची स्वतःची खूण: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप, आणि तरी थकवा नाही. ही खूण तिच्या नवऱ्याला आणि आईला कळली पाहिजे, कारण त्या अवस्थेत तिला स्वतःला छानच वाटत असतं. घरात गोंधळ-जागरण असेल तर तिने वेळेवर झोपायला जायचं, हेही आधीच ठरवून लिहायचं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक.

काय लिहायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. मॅनियात माणूस सासरच्यांवर आरोप करतो, पैसे उधळतो, एरवी कधी वागला नसता तसं वागतो. हा कागद पुढे कपाटात राहतो, विमा कंपनीकडे जातो, कधी घरगुती वादातही बाहेर येतो. उपचाराला लागेल तेवढंच त्यात असावं: ‘खर्च आणि धोका पत्करण्याचं प्रमाण वाढलं होतं’ एवढं पुरतं. कुणाला काय बोलली, ते नको. कामावर द्यायचा दाखला वेगळा, त्यावर ॲडमिट असल्याच्या आणि कामावर रुजू होण्याच्या तारखा पुरेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९८ सांगतं की रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचारांबद्दल मनोविकारतज्ज्ञांनी स्वतः रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी आणि ज्यांच्याबरोबर तो राहणार त्यांच्याशी चर्चा करावी. आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. या चर्चेची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे कार्ड तिच्यासमोर ठेवून वाचणं, आणि मग तिलाच विचारणं: लिथियम कशासाठी? झोपेची गोळी कधी बंद? कंबर दुखली तर काय घेणार? पुढची भेट कधी? जिथे ती अडखळते तिथे तिला पुन्हा समजावून भागत नाही. ते वाक्य खोडून, तिला कळेल असं नव्याने लिहायचं, आणि मगच खाली सही करायची.