झोपेची मिश्र उत्पादने : एकच घटक दोनदा पोटात जाऊ नये यासाठी वेष्टन कसे वाचावे

अमेरिकेतील औषध दुकानांत झोप येण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या उत्पादनांची संख्या मोठी आहे. मेलाटोनिनच्या चघळण्याच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीरोधक औषधाची द्रवरूप मात्रा, वेदनाशामक व झोपेचे औषध एकत्र असलेली रात्रीची गोळी आणि वनौषधींची मिश्रणे एकाच फळीवर शेजारी मांडलेली असतात. यांपैकी प्रत्येक उत्पादन सांगितलेल्या मात्रेत घेतले, तर बहुतेक निरोगी प्रौढांना त्याचा त्रास होत नाही. दोन-तीन उत्पादने एकाच रात्री घेतली जातात आणि त्यांत तोच घटक वेगवेगळ्या नावांनी दडलेला असतो, तेव्हा धोका निर्माण होतो. मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आणि सोबत भारतातील औषधे नेणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

दोन चौकटी, दोन कायदे

अमेरिकेत मेलाटोनिन व वनौषधी यांची विक्री आहारपूरक म्हणून होते. डायफेनहायड्रामिन व डॉक्सिलामिन ही जुन्या पिढीतील अ‍ॅलर्जीरोधक द्रव्ये मात्र औषध मानली जातात. त्यामुळे बाटलीमागील चौकटीचे शीर्षक प्रथम पाहावे. ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ असे लिहिले असेल तर ते आहारपूरक, आणि ‘ड्रग फॅक्ट्स’ असे लिहिले असेल तर ते औषध होय. बाटलीच्या दर्शनी भागावरील नावावर विसंबून राहू नये. एकाच नाममुद्रेखाली एका बाटलीत डायफेनहायड्रामिन, दुसरीत डॉक्सिलामिन व तिसरीत केवळ मेलाटोनिन असू शकते. चंद्र-ताऱ्यांचे चित्र व निळा-जांभळा रंग मात्र तिन्हींवर जवळपास सारखाच असतो.

औषधाच्या चौकटीत सर्वांत वर क्रियाशील घटक, प्रत्येक गोळीतील त्याचे प्रमाण आणि समोर त्याचा उद्देश दिलेला असतो. उद्देशाच्या रकान्यात ‘रात्रीच्या झोपेसाठी साहाय्यक’ किंवा ‘अँटिहिस्टामिन’ असे शब्द आढळल्यास ते उत्पादन एकाच गटातील समजावे. डायफेनहायड्रामिन व डॉक्सिलामिन यांची नावे निराळी असली, तरी शरीरावरील त्यांचा परिणाम बराचसा सारखा आहे. म्हणून केवळ नावे जुळवून पाहणे पुरेसे नाही. डॉक्सिलामिन हे रात्री घ्यावयाच्या सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्रणांतही असते.

एक उदाहरण

समजा, सत्तरीच्या एक आजी न्यू जर्सीत मुलीकडे राहायला गेल्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून रात्री दहाच्या सुमारास त्यांनी वेदनाशामक व झोपेचे औषध एकत्र असलेल्या दोन गोळ्या घेतल्या. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम अ‍ॅसिटामिनोफेन व २५ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन हायड्रोक्लोराइड आहे. झोप लवकर यावी म्हणून मुलीने झोपेच्या द्रवरूप औषधाची ३० मिलिलिटर मात्रा दिली. तीत ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन आहे. खोकल्याची ढास लागली म्हणून आजींनी भारतातून आणलेले कफ सिरप १० मिलिलिटर घेतले. त्याच्या वेष्टनावर ‘प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये डायफेनहायड्रामिन १४.०८ मिलिग्रॅम’ अशी नोंद आहे. शेवटी मेलाटोनिन व वनौषधींच्या दोन चघळण्याच्या गोळ्याही त्यांनी घेतल्या.

आता बेरीज करावी. गोळ्यांतून ५०, द्रवरूप औषधातून ५० आणि सिरपमधून सुमारे २८, असे एकूण १२८ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन पोटात गेले. झोपेसाठी प्रौढांना एका वेळी सांगितलेली मात्रा ५० मिलिग्रॅम आहे. आजींच्या मते त्यांनी सांधेदुखी, झोप व खोकला यांसाठी तीन निराळी औषधे घेतली. शरीराच्या हिशेबी ती एकाच औषधाची अडीचपट मात्रा होती. ज्येष्ठांच्या शरीरातून हे द्रव्य निम्मे होण्यास सुमारे साडेतेरा तास लागतात. म्हणजेच दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजताही त्याचा निम्म्याहून अधिक अंश रक्तात शिल्लक असू शकतो.

अशा वेळी तोंडाला कोरड पडणे, लघवी अडणे, बद्धकोष्ठता, अंधूक दिसणे, छातीत धडधड आणि दुसऱ्या दिवशी गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे दिसतात. हा गोंधळ वयाचा किंवा प्रवासाच्या शिणाचा परिणाम समजून पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, आणि रात्री पुन्हा तीच औषधे दिली जातात. पडून हाड मोडण्याची भीतीही असते. अमेरिकन जराचिकित्सा संस्थेच्या निकषांनुसार ज्येष्ठांनी जुन्या पिढीतील अ‍ॅलर्जीरोधक औषधे टाळावीत. काचबिंदू असलेल्यांनी, तसेच प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवीला त्रास होणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत, असा इशारा वेष्टनावरच असतो.

नावांचे तीन सापळे

पहिला सापळा क्षाराचा आहे. डायफेनहायड्रामिन काही गोळ्यांत हायड्रोक्लोराइडच्या, तर काहींत सायट्रेटच्या रूपात असते. सायट्रेटचे ३८ मिलिग्रॅम हे हायड्रोक्लोराइडच्या २५ मिलिग्रॅमइतकेच होत. आकडे निराळे दिसले तरी औषध एकच आहे.

दुसरा सापळा देशागणिक बदलणाऱ्या नावाचा आहे. अमेरिकेत ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, तेच भारतातील पॅरासिटामॉल होय. वरील उदाहरणातील आजींनी त्याच रात्री तापासाठी भारतातील पॅरासिटामॉलची गोळी घेतली असती, तर यकृतावर ताण आणणाऱ्या याही घटकाची पुनरावृत्ती झाली असती.

तिसरा सापळा वनौषधींच्या मिश्रणाचा आहे. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या शब्दांखाली संपूर्ण मिश्रणाचे एकत्रित वजन दिले जाते. त्यातील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, परंतु प्रत्येकाचे प्रमाण सांगण्याचे बंधन उत्पादकावर नसते. त्यामुळे दोन बाटल्यांत व्हॅलेरियन असल्यास त्याची बेरीज करताच येत नाही. अशा वेळी एकच बाटली वापरणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. भारतीय व्हॅलेरियन म्हणजे आपल्याकडील तगर, तर अश्वगंधा ‘विथानिया सोम्निफेरा’ या शास्त्रीय नावानेही लिहिली जाते. घरून आणलेल्या चूर्णाशी ही नावे ताडून पाहावीत. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत.

मेलाटोनिनच्या बाबतीत छापील आकड्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या २५ चघळण्याच्या उत्पादनांची तपासणी २०२३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २२ उत्पादनांवरील माहिती अचूक नव्हती. एकात मेलाटोनिन आढळलेच नाही, तर इतरांत ते छापील प्रमाणाच्या ७४ ते ३४७ टक्के होते. शिवाय दिलेले प्रमाण एका गोळीचे की दोन गोळ्यांच्या एका मात्रेचे, हे ‘सर्व्हिंग साइझ’च्या ओळीत पाहावे लागते.

हिशेब कागदावर

घरातील सर्व बाटल्या एकत्र मांडाव्यात. सर्दी, खोकला, अ‍ॅलर्जी व खाज यांची औषधेही त्यांत घ्यावीत. डायफेनहायड्रामिन त्वचेवर लावण्याच्या मलमांतही असते, आणि तशा मलमासोबत ते पोटात घेऊ नये, असे वेष्टनावर नमूद असते. प्रत्येक बाटलीवरील घटकाचे नाव, एका मात्रेतील प्रमाण व रात्री घेतल्या जाणाऱ्या मात्रा कागदावर लिहाव्यात. एकच नाव किंवा एकच उद्देश दोनदा आला, तर त्यांतील एकच उत्पादन ठेवावे आणि कोणते ठेवावे हे दुकानातील औषधतज्ज्ञास तो कागद दाखवून विचारावे. डॉक्टरांनी दिलेली झोपेची वा मानसिक आजाराची गोळी चालू असल्यास, तसेच मद्य घेतले असल्यास, यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांकडे जावे, अशी सूचना या औषधांवर असते. डायफेनहायड्रामिनने येणारी गुंगी रोजच्या वापराने काही दिवसांतच ओसरते, आणि नेमकी तेव्हाच माणसे दुसरी बाटली उघडतात. दीर्घकालीन निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामिन, मेलाटोनिन व व्हॅलेरियन या तिन्हींचा वापर करू नये, असेच अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचविले आहे.